अर्धवट भरलेले फॉर्म: टाकायचे, परत विचारायचे, की तसेच मोजायचे?

प्रश्न: मॅडम, मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांचा सर्व्हे केला, काही फॉर्म कागदावर, काही गूगल फॉर्मवर. ४०० आले, त्यातले १३२ अर्धवट आहेत. गाइड सर म्हणतात, अर्धवट बाजूला काढ, २६८ पुष्कळ झाले. मैत्रीण म्हणते, रिकाम्या जागी सरासरी भर. मला वाटतं सगळ्यांना परत फोन करावा, पण १३२ फोन एकट्याने कसे करू? शीट आणि चार कागदी फॉर्मचे फोटो पाठवतोय. मोबाइल नंबरांचे शेवटचे चार आकडेच ठेवलेत.

उत्तर:

१३२ फोन करू नका. माझ्या हिशेबाने तुम्हाला ३६ जणांशीच परत बोलायचं आहे. पण त्याआधी सरांचं ऐकून १३२ फॉर्म काढून टाकले असते तर काय झालं असतं, ते बघा. दोन एकर किंवा त्याहून कमी बाग असलेले शेतकरी तुमच्या नमुन्यात ३९ टक्के आहेत. उरलेल्या २६८ फॉर्ममध्ये ते २७ टक्केच राहतात. म्हणजे लहान बागायतदारांवर प्रबंध लिहायचा आणि त्यांनाच निम्म्याहून जास्त संख्येने दाराबाहेर काढायचं. हे कसं होतं ते कळायला "अर्धवट" हा एक गठ्ठा सोडवावा लागतो. तुमच्या शीटवर बसून मी तो सोडवला. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिले १८ फॉर्म. यात गाव, वय, मोबाइल आणि बागेचं क्षेत्र एवढंच भरलंय, पुढचे २८ही प्रश्न कोरे. हे सगळे गूगल फॉर्मवरचे आहेत. तुम्ही एकही प्रश्न सक्तीचा ठेवला नव्हता, त्यामुळे कोऱ्या फॉर्मलाही "सबमिट" झालं. त्यातल्या चौघांचे मोबाइलचे शेवटचे चार आकडे, गाव आणि एकर खाली दुसऱ्या ओळीत पुन्हा सापडतात, आणि तिथे फॉर्म पूर्ण आहे. माणूस मध्येच थांबला, चुकून बटण दाबलं, संध्याकाळी परत बसून भरला, इतकंच. ती चार डुप्लिकेट काढा. म्हणजे तुमच्याकडे ४०० फॉर्म असले तरी माणसं ३९६. राहिलेल्या १४ जणांकडून विश्लेषणाला काही मिळत नाही, ते बाजूला ठेवा. पण अहवालात त्यांची संख्या लिहा.

दुसरे ४१ फॉर्म मुळात अर्धवट नाहीतच. सहावा प्रश्न आहे, "मजुरांची टोळी मुकादमामार्फत लावता का?" या ४१ जणांनी "नाही" म्हटलंय आणि पुढचे तीन प्रश्न सोडलेत: मुकादमाला उचल किती दिली, दर काय ठरला, टोळीच्या राहण्याची सोय कुठे केली. मुकादमच नाही तर उचल कुठली? त्यांनी सोडलं ते बरोबरच केलं. गंमत अशी की "नाही" म्हणणारे आणखीही पुष्कळ आहेत. त्यांच्या कागदावर फॉर्म भरून घेणाऱ्या तुमच्या मुलांनी त्या तीन रकान्यांत आडवी रेघ मारली, म्हणून ते "पूर्ण" ठरले. उत्तर तेच, फक्त पेन वेगळं चाललं. या ४१ पैकी ३३ जण दोन एकरांच्या आतले आहेत, कारण लहान बागेत छाटणी आणि थिनिंग घरची माणसं आणि सावडीवरच उरकतं. सरांच्या गाळणीतून लहान शेतकरी गळतात, त्यातले बरेचसे या फटीतून.

या रकान्यांत "लागू नाही" असे शब्द लिहा. ९९ किंवा ९९९ असा आकडा एक्सेलमध्ये घालू नका. पूर्वी आम्ही घालायचो. एका सर्व्हेत "घरापासून पाण्याची टाकी किती मीटर" या रकान्यात मीच ९९९ टाकले होते. सरासरी काढली तेव्हा अख्खी वस्ती पाण्यापासून पाऊण किलोमीटर लांब निघाली, आणि तो आकडा एका बैठकीत वाचूनही दाखवला गेला. अक्षरं असली की AVERAGE ती सोडून देतं. आकडा असला की तो बिनतक्रार मोजतं.

तिसरे १६ फॉर्म. सगळे कागदी, सगळे निफाडच्या एकाच गावचे, एकाच दिवशी एकाच मुलाने भरलेले. २१ ते २८ हे आठही प्रश्न कोरे. शेवटच्या पानाची मागची बाजू छापायची राहिली असणार, त्या मुलाला विचारून खात्री करा. इथे शेतकऱ्याने काही लपवलेलं नाही, त्याच्यापुढे प्रश्न आलाच नाही. अशी गळती बहुधा निरुपद्रवी असते, कारण कोणाचं उत्तर काय असतं याच्याशी तिचा संबंध नसतो. पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. मागच्या पानावर पीकविमा आणि गारपिटीच्या नुकसानीचे प्रश्न होते. गारपीट गावागावाने वेगळी पडते. एका गावाची सगळी पानं गेली तर ते गाव नकाशावरून पुसलं जातं, आणि त्या गावात काय झालं ते बाकीच्या गावांवरून सांगता येत नाही. म्हणून या १६ जणांना फोन करा. आठ प्रश्न, सहा-सात मिनिटं. "आमच्याकडून पान छापायचं राहिलं" असं सरळ सांगितलं की बहुतेक लोक हसून उत्तरं देतात.

उरले ५७. त्यातल्या ९ फॉर्ममध्ये बाजार समितीबद्दलच्या आठ समाधान-विधानांपैकी एखाद-दोन सुटली आहेत. आठही विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत, तेव्हा जी सहा-सात भरली आहेत त्यांचीच सरासरी त्या माणसाचा गुण म्हणून धरा. निम्म्याहून कमी विधानं भरली असती तर मी गुण काढला नसता. हा विषय इथे संपला.

खरी गोष्ट ४८ फॉर्मची आहे. बाकी सगळं भरलंय, फक्त ११वा प्रश्न कोरा: "३१ मार्च रोजी सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज थकीत होतं का?"

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी तिसरा मोठा करून बघा. दहाव्या प्रश्नावर ठसठशीत खूण आहे, बाराव्यावरही. अकराव्यात "हो"च्या चौकोनात पेनचा एक ठिपका आहे आणि तिथून पेन उचललंय. म्हणजे प्रश्न वाचला गेला, उत्तर माहीत होतं, आणि मग विचार बदलला. पान चिकटून राहिल्याने सुटलेला प्रश्न असा दिसत नाही. तुमच्या शीटमध्ये "कुठे भरला" हा रकाना आहे, तो ठेवलात हे फार चांगलं केलंत. ४८ पैकी ३१ फॉर्म सोसायटीच्या ओट्यावर किंवा पारावर भरलेले आहेत. शेजारी चार जण बसलेले, कदाचित सचिवही आत, आणि कॉलेजचा मुलगा मोठ्याने विचारतोय, "काका, थकीत आहे का?" कोण हो म्हणेल?

आता कोणी सोडलं ते मोजा. आधी पहिल्या गठ्ठ्यातले १८ काढून बाकीच्या ३८२ ओळी वेगळ्या शीटवर घ्या. तुमच्या मांडणीत C मध्ये एकर आहेत, P मध्ये थकबाकी, आणि F पासून AG पर्यंत २८ प्रश्न:

```
=COUNTBLANK(F2:AG2)
=COUNTIFS(C2:C383,"<=2",P2:P383,"")
=COUNTIFS(C2:C383,">2",P2:P383,"")
```

पहिलं सूत्र एका फॉर्ममधले कोरे रकाने मोजतं. पुढची दोन लहान आणि मोठ्या बागांतली थकबाकीची कोरी उत्तरं मोजतात. एक सापळा आहे: टायपिंग करणाऱ्याने रकान्यात स्पेस मारून ठेवली असेल तर तो डोळ्याला कोरा दिसतो, सूत्राला नाही. तुमच्या शीटमध्ये P रकान्यातच असे सात होते. फिल्टर लावून ते आधी पुसा.

उत्तर येतं ते असं. लहान बागांच्या १५० फॉर्मपैकी ३६ कोरे, म्हणजे २४ टक्के. मोठ्या बागांच्या २३२ पैकी १२, म्हणजे ५ टक्के. कोरेपणा सगळीकडे सारखा सांडलेला नाही, तो एका बाजूला साचलाय.

डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली गाळलेल्या उत्तरांची जी तीन प्रकारांची विभागणी मांडली, तिला तुमच्या शीटपेक्षा सोपं उदाहरण मला वर्गात कधी मिळालं नाही. छापायचं राहिलेलं पान हा पहिला प्रकार: उत्तर काय असतं याच्याशी गळतीचा संबंध नाही. लहान बागवाले जास्त सोडतात, पण लहान बागवाल्यांमध्ये कोणी सोडलं आणि कोणी नाही हा योगायोग, हा दुसरा. आणि ज्यांचं थकलंय तेच सोडतात, हा तिसरा. पहिल्या दोन प्रकारांतला फरक शीटवरून तपासता येतो, तो आपण आत्ताच तपासला. दुसरा की तिसरा हे शीट कधीच सांगणार नाही, कारण ते ओळखायला लागणारं उत्तरच रकान्यात नाही. पेनचा ठिपका तिसऱ्याकडे बोट दाखवतो, पण ते एकाच फॉर्मवर.

आता तुमचेच आकडे वेगवेगळ्या वाटांनी चालवून बघू. ११व्या प्रश्नाचं उत्तर ३३४ जणांनी दिलंय. लहान बागांतल्या ११४ जणांपैकी ६८ थकबाकीदार, सुमारे ६० टक्के. मोठ्या बागांतल्या २२० पैकी ५५, म्हणजे २५ टक्के.

सरांच्या वाटेने फक्त २६८ पूर्ण फॉर्म घेतले तर थकबाकीदार येतात ९२, म्हणजे ३४ टक्के. ज्यांनी हा प्रश्न भरला ते सगळे ३३४ घेतले, त्यांचे बाकीचे रकाने कसेही असोत, तर १२३, म्हणजे ३७ टक्के. आणि लहान बागांचं प्रमाण १५० वर, मोठ्यांचं २३२ वर लावलं, म्हणजे ज्यांनी सोडलं ते आपल्याच गटातल्या इतरांसारखे असं धरलं, तर सुमारे ३८.६ टक्के. हा तिसरा आकडा तुम्ही मुख्य म्हणून द्यावा असं माझं मत आहे. त्याला भारी सॉफ्टवेअर लागत नाही, आणि तोंडी परीक्षेत दोन वाक्यांत समजावता येतो.

मैत्रिणीच्या सल्ल्याचं काय? हो-नाही प्रश्नाला सरासरी भरता येत नाही, तेव्हा लोक "जे जास्त आलंय ते" भरतात. इथे "नाही" जास्त आहे. ४८ ठिकाणी "नाही" भरलं की आकडा होतो ३८२ पैकी १२३, ३२ टक्के. ज्यांनी सोडलं त्यातल्या एकाचंही कर्ज थकलेलं नाही, असं गृहीत धरल्यासारखं ते आहे. याहून कमी आकडा तुमच्या शीटमधून निघूच शकत नाही! रुपयांच्या रकान्यात सरासरी भरली तर दुसरी खोट येते: दीड एकरवाल्याच्या नावावर आठ एकरवाल्याच्या हिशेबातला खर्च चढतो, शिवाय जितक्या जागा भरल्या तितकी माणसं अगदी एकसारखी झाल्याने आकड्यांमधली तफावत खोटी कमी दिसते. मग टी-टेस्टचा निकाल आहे त्यापेक्षा ठाम वाटतो. रिकाम्या जागा भरायची योग्य पद्धत आहे, तिला बहुविध आरोपण म्हणतात. प्रत्येक रिकाम्या जागी अनेक शक्य किमती घेऊन विश्लेषण तितक्या वेळा करायचं आणि निकाल एकत्र करायचे. R या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी mice नावाचं पॅकेज आहे. पण तेही वरचा दुसरा प्रकार धरूनच चालतं. ठिपका ठेवून पेन उचलणाऱ्याच्या मनातलं त्यालाही कळत नाही. तुमच्या प्रबंधाला त्याची गरज नाही.

उलट टोक बघा. सोडलेल्या ४८ही जणांचं थकीत होतं असं धरलं तर १७१, म्हणजे ४५ टक्के. तेव्हा काहीही झालं तरी खरा आकडा ३२ ते ४५ च्या मध्ये आहे. हे दोन्ही टोकांचे आकडे प्रबंधात द्या. "लहान बागायतदारांमध्ये थकबाकी जास्त" हा तुमचा निष्कर्ष टोकाच्या गृहीतकावरही टिकतो का, तेही तपासता येतं. लहान बागांतले ३६ही "नाही" धरले तर १५० पैकी ६८, म्हणजे ४५ टक्के. मोठ्यांतले १२ही "हो" धरले तर २३२ पैकी ६७, २९ टक्के. तरी लहान वरच राहतात. म्हणजे नेमकी टक्केवारी डळमळीत आहे, पण दिशा पक्की आहे. हे वाक्य सरांसमोर ठेवा, ते फॉर्म फेकायचं म्हणणार नाहीत.

आता परत जाण्याचं. ४८ जणांना सरसकट फोन नको, चिठ्ठ्या टाकून २० निवडा. जे ओळखीचे आहेत किंवा लगेच फोन उचलतात ते निवडू नका, नाहीतर पुन्हा बोलके लोकच हाती लागतील. आणि थकबाकी फोनवर विचारू नका. निफाड-दिंडोरीत आजकाल वसुलीचे फोन इतके येतात की अनोळखी नंबरवरून "थकीत" हा शब्द ऐकला की माणूस फोन ठेवतो. वेळ ठरवून घरी किंवा बागेत जा, एकटे जा. प्रश्न बोलू नका, छापील चिठ्ठी आणि पाकीट द्या, त्यांनी खूण करून पाकीट बंद करून द्यायचं. "नाही सांगायचं" असा तिसरा चौकोन चिठ्ठीवर ठेवा. तुमच्या संमतीपत्रात "कोणताही प्रश्न सोडू शकता" असं लिहिलंय, त्यामुळे एकदा विचारायला हरकत नाही, पण दुसऱ्यांदा जाऊ नका. तारीख बदलू नका: प्रश्न ३१ मार्चचाच. मधल्या काळात कोणी भरणा केला असेल तर "आज थकीत आहे का"चं उत्तर वेगळं येईल आणि दोन प्रकारची उत्तरं एका रकान्यात मिसळतील. ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत उरका, मग कोणी सापडणार नाही.

आलेल्या उत्तरांचं काय करायचं, तेही आधीच ठरवून ठेवा. सोडणारे आपापल्या गटासारखेच असतील तर ४८ पैकी साधारण २४-२५ थकबाकीदार निघायला हवेत, म्हणजे निम्मे. समजा २० पैकी १२ जणांनी चिठ्ठी भरली आणि त्यात सहा-सात "हो" आले, तर ३८.६ हा आकडा तसाच ठेवा. १२ पैकी ९ "हो" आले, तर सोडण्यामागे थकबाकीच होती अशी शंका घट्ट होते. तेच प्रमाण ४८ वर लावलं तर एकूण आकडा ४१-४२ टक्क्यांवर जातो. १२ माणसांवरून फार ठाम बोलता येत नाही, म्हणून तो पर्यायी अंदाज म्हणून शेजारी लिहा, मुख्य आकडा पुसून नाही. आणि त्या १२ जणांच्या ओळीत "परत भेटीत मिळालं" असा वेगळा रकाना ठेवा. मूळ कोरा रकाना भरून टाकला की पुढे कोणालाच काय झालं ते सांगता येत नाही, तुम्हालाही नाही.

सर कदाचित विचारतील, किती टक्के भरलेला फॉर्म वैध धरायचा? जनमत चाचण्या घेणाऱ्यांची एएपीओआर ही अमेरिकी संस्था आहे, तिच्या व्याख्यांत उदाहरण म्हणून एक मोजपट्टी दिलेली आहे: निम्म्याहून कमी भरला तर मध्येच सोडलेला, ५० ते ८० टक्के भरला तर अर्धवट, त्यावर पूर्ण. ती वापरा, हरकत नाही. तुमचे १८ तिच्यानेही बाहेरच जातात. पण तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. मागचं पान नसलेला फॉर्म तिच्या मते ७१ टक्के, म्हणजे अर्धवट. ११वा प्रश्न सोडलेला फॉर्म २८ पैकी २७, म्हणजे पूर्ण. आणि तुमच्या निष्कर्षाला धोका आहे तो या दुसऱ्याकडून.

सातपूरच्या एका कामगार वस्तीत मी स्वतः हे शिकले. "महिन्याचा पगार" हा रकाना बऱ्याच जणांनी कोरा सोडला होता. आम्ही समजलो, लोक पगार लपवतात. परत गेल्यावर एका बाईने सांगितलं, "ताई, आमाला हजेरीवर मिळतं, भरलेले दिवस धरून. महिन्याचा कुठला सांगू?" लपवालपवी नव्हतीच, आमचा प्रश्नच त्यांच्या कामाला बसत नव्हता. तुमच्या २० घरी जाल तेव्हा हेही कान देऊन ऐका. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून घेणाऱ्याला "थकीत" म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न पडलेला असू शकतो. तसं दोघा-तिघांनी सांगितलं तर तो मुद्दा प्रबंधात उत्तरांच्या शेजारी लिहा.

मांडणीच्या प्रकरणात एवढा मजकूर पुरे: "४०० फॉर्म आले, ४ दुबार, १४ मध्येच सोडलेले, विश्लेषणात ३८२. ४१ फॉर्ममधले कोरे रकाने 'लागू नाही' धरले. १६ फॉर्मचं शेवटचं पान फोनवर भरून घेतलं. थकबाकीचा प्रश्न ४८ जणांनी सोडला, त्यापैकी ३६ दोन एकर किंवा त्याहून कमी बागेचे." फोनवर १६ पैकी जितके खरंच मिळाले तो आकडा घाला. त्याखाली ३२, ३८.६ आणि ४५ हे तीन आकडे, कोणता कसा काढला त्याच्या एकेका ओळीसह. आणि ती सात स्पेस पुसल्याशिवाय सूत्रं चालवू नका, नाहीतर तुमचे ४८ चे ४१ होतील आणि मुकादमवाल्या ४१ शी त्यांचा घोळ होईल.